दोष इअरफोनचा की जाळीचा?

तुमच्या आजोबांच्या ट्रान्झिस्टरबरोबर एकच इअरफोन मिळत असे. तो एका कानात घालून ते बातम्या ऐकत. त्या इअरफोनचा आवाज हळूहळू मंदावला, तरी ते त्यांच्या फारसे लक्षात येत नसे, कारण तुलना करायला दुसरा इअरफोनच नव्हता. आज तुमच्याजवळ दोन आहेत. म्हणूनच एका बाजूचा आवाज खाली गेला की तो लगेच खटकतो आणि बहुतेक घरांत लगेच निकालही दिला जातो : "बिघडला. नवा घ्या." हा निकाल घाईचा असतो, असे माझे मत आहे. असे का म्हणतो, ते एका मुलाच्या अनुभवावरून सांगतो.

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याने निघाले की थोड्याच अंतरावर नांदगाव पेठ लागते. गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीत सूत आणि कापडाच्या गिरण्या आहेत. तिथे राहणारा, दहावीत शिकणारा एक मुलगा एका रविवारी माझ्याकडे आला. त्याच्या हातात बिनतारी इअरफोनची छोटी डबी होती. मोठ्या भावाने गिरणीतल्या पहिल्या पगारातून ती आणली होती. मुलगा म्हणाला, "काका, डाव्यातून आवाजच येत नाही जी. दुकानदार म्हणते फेकून दे. मी टाचणीनं जाळी साफ करून पाहू का?"

"टाचणी आधी खाली ठेव," मी म्हणालो, "मग बोलू."

'डाव्यातून आवाज येत नाही' हे त्याचे वाक्य खरे म्हणजे अर्धेच होते. डाव्या इअरफोनमधून आवाज येत नव्हता, की त्याच्या डाव्या कानाला तो कमी ऐकू येत होता? या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचा निवाडा करायला कोणतेही उपकरण लागत नाही. मी त्याला इअरफोन उलटे घालायला सांगितले, म्हणजे डावा उजव्या कानात आणि उजवा डाव्या कानात. उलटे घातल्यावर ते नीट बसत नाहीत, म्हणून बोटाने हलकेच धरून ठेवावे लागतात. मंदपणा इअरफोनबरोबर उजव्या कानात गेला, तर दोष इअरफोनचा. तो डाव्याच कानात राहिला, तर दोष कानाचा. कानात मळाचा खडा झाला असेल किंवा सर्दीने कान दडले असतील. अशा वेळी इअरफोन कितीही घासला तरी उपयोग नाही. डॉक्टरांना कान दाखवावा लागतो, आणि काडी घालून तो आपला आपण कोरू नये. आमच्या या मित्राचा मंदपणा उजव्या कानात गेला. कान शाबूत होता.

आता दुसरी शंका. दोष इअरफोनचा की त्याला आवाज पुरवणाऱ्या फोनचा? फोनमध्ये 'अॅक्सेसिबिलिटी' या सदरात डाव्या-उजव्या आवाजाचा तोल ठरवणारी एक पट्टी असते. चुकून बोट लागून ती सरकलेली असू शकते. त्याची पट्टी बरोबर मध्यावर होती. शिवाय काही जुनी गाणी मुळातच अशी ध्वनिमुद्रित केलेली असतात की एका बाजूला वाद्ये आणि दुसऱ्या बाजूला गळा येतो. म्हणून परीक्षा गाण्यावर घेऊ नये, साध्या बोलण्यावर घ्यावी. आम्ही माझ्या फोनला त्याचे इअरफोन जोडले आणि एक बातमीपत्र लावले. डावा तसाच मंद. फोनही निर्दोष ठरला.

त्याला मी आणखी एक गोष्ट लक्ष देऊन ऐकायला सांगितली. आवाज नुसता लहान झाला आहे, की त्याचा पोतही बदलला आहे? तो म्हणाला, "उशीखालून बोलल्यासारखा येते. 'स' अन् 'श' नीट कळत नाही." हे उत्तर मोलाचे होते. जाळी तुंबली की आधी उंच स्वर अडतात, आणि 'स', 'श' यांसारख्या वर्णांची धार त्या उंच स्वरांतच असते. याउलट, कानात बसणारे रबरी टोपण सैल असेल तर तबल्याचा डग्गा नाहीसा होतो आणि शीळ मात्र स्पष्ट राहते. आवाज मध्येच येत-जात असेल आणि इअरफोन तारेचा असेल, तर तार आतून तुटू लागलेली असते. आवाज खरखरत असेल, तर आतल्या पडद्यालाच इजा झाली असण्याचा किंवा त्याच्यावर केस पडला असण्याचा संभव असतो. दोष कोठे आहे हे आवाजच सांगतो. आपण ऐकायला थांबत नाही, एवढेच.

मग आम्ही दोन्ही टोपणे हलकेच ओढून काढली आणि विजेरीचा प्रकाश तिरपा टाकून आत पाहिले. उजव्या इअरफोनची जाळी पिठाच्या नव्या चाळणीसारखी चमकत होती. डावीवर पिवळट तपकिरी थर होता आणि त्यात करडी लव अडकली होती. भोके जवळजवळ दिसतच नव्हती.

पिवळा पदार्थ म्हणजे कानातला मळ. त्याला मळ म्हणतात, पण ती घाण नव्हे. कानाच्या नळीच्या बाहेरच्या भागातील ग्रंथी एक तेलकट स्राव सोडतात, त्यात त्वचेचे मेलेले कण मिसळतात आणि धूळ व किडे आत जाऊ नयेत म्हणून हा चिकट पहारेकरी तयार होतो. इअरफोन नळीच्या तोंडाशी बसतो, तेव्हा त्यातला थोडा मळ जाळीला लागणारच. मग डावीलाच जास्त का लागला? विचारल्यावर कळले की अभ्यासाचे धडे ऐकताना तो फक्त डावा इअरफोन घालत असे. आईने हाक मारली तर ऐकू यावी म्हणून उजवा कान मोकळा! आणि करडी लव? भाऊ कधीमधी तीच डबी खिशात टाकून गिरणीत नेत असे. कापसाचा तंतू 25 ते 30 मिलिमीटर लांब असतो, पण जाडीला मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. असे तंतुकडे खिशाच्या कोपऱ्यात साठतात, तेलकट मळात रुततात आणि दोघांचे मिळून जाळीवर नमद्यासारखे एक पटल तयार होते. वऱ्हाडात कापूस कोठे नाही, असे विचारण्यापेक्षा कोठे आहे असे विचारणेच व्यर्थ!

येथे जाळीविषयी थोडे सांगायला हवे, कारण तिच्याविषयी एक गैरसमज आहे. ती केवळ कचरा अडवण्यासाठी बसवलेली नसते. इअरफोनच्या आत केसापेक्षाही पातळ असा एक पडदा थरथरतो. त्याच्या पुढे छोटीशी नळी असते आणि नळी म्हटली की तिचा स्वतःचा एक स्वर आलाच. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की शीळ वाजते, तसाच. इअरफोनच्या नळीत हा स्वर जोरात उमटला तर सारा आवाज किरटा आणि बोचरा होईल. जाळीची बारीक भोके हवेच्या हालचालीला थोडा अडथळा करतात आणि ती शीळ दाबतात. म्हणजे किती अडथळा असावा हे कारखान्यात ठरवलेले असते. मळाने तो वाढला की आवाज मंद होतो. जाळी उपटून काढली तर तो नाहीसा होतो आणि आवाज कर्कश होतो, शिवाय पुढचा सगळा मळ थेट पडद्यावर जातो. जाळी काढून टाकणे हा उपाय नव्हे, हे यावरून कळेल.

हा अडथळा तुम्हाला घरी पाहता येईल. मलमलीचा एक तुकडा तोंडापुढे ताणून धरा आणि फुंका. हवा सहज आरपार जाते. आता तोच तुकडा पाण्यात भिजवून पुन्हा फुंका. हवा मोठ्या कष्टाने जाते. भोके तेवढीच आहेत, पण पृष्ठताणामुळे पाण्याचे पटल त्यांच्यात अडकून बसले आहे. हा प्रयोग लक्षात ठेवा, थोड्या वेळाने तो आपल्या कामी येणार आहे.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? आवाज वाढवला की झाले! आमच्या मित्राने तेच केले होते. त्याच्या फोनवर आवाजाच्या 15 पायऱ्या आहेत. पूर्वी तो नवव्या पायरीवर ऐकत असे, आता तेराव्यावर आला होता. या सोप्या उपायावर माझा मुख्य आक्षेप आहे. आवाज वाढवला की तो दोन्हीकडे वाढतो. मंद बाजू कशीबशी पूर्वीच्या जागी येते, पण निरोगी बाजूच्या कानावर सारा जादा भार पडतो.

हिशेबच करून पाहू. समजा, मुलगा 75 डेसिबलवर ऐकत होता आणि जाळी तुंबल्याने डावी बाजू 10 डेसिबलने खाली आली. डावीकडे पुन्हा 75 डेसिबल मिळावेत म्हणून त्याने आवाज वाढवला. आता उजव्या कानात 85 डेसिबल पोचतात. दहा डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट मोठा वाटतो, पण त्यातील ध्वनिऊर्जा दहापट असते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या मानकात लहान मुलांसारख्या नाजूक श्रोत्यांसाठी आठवड्याला 75 डेसिबलवर 40 तास ही मर्यादा धरली आहे. ऊर्जा दहापट झाली तर वेळ एक-दशांश करावा लागतो. म्हणजे उजव्या कानाची 40 तासांची मुभा 4 तासांवर येते! आणि हा मुलगा रोज दोन तास धडे नि गाणी ऐकत होता, म्हणजे आठवड्याला चौदा तास. अंतःकर्णातील सूक्ष्म रोमपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. डाव्या जाळीवरच्या चिमूटभर मळाची किंमत उजव्या कानाने मोजायची, हा सौदा मला पटत नाही.

तेव्हा जाळी साफ करायची. पण कशी? आधी टाचणीचा निकाल लावू. टाचणी जाळीच्या भोकापेक्षा जाड असते. ती मळ बाहेर काढत नाही, आत ढकलते, आणि जाळीमागे काही मिलिमीटरवर तो नाजूक पडदा आहे. सुई जाळी फाडून थेट त्याच्यापर्यंत पोचू शकते. तोंडाने फुंकर मारली तरी मळ आतच जातो आणि सोबत थुंकीचा ओलावाही. या मुलाच्या एका मित्राने तर हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरची नळी इअरफोनला लावली होती. जी हवा मोटारीचे चाक फुगवते, तिच्यापुढे हा पडदा काय टिकणार? त्या दिवसापासून त्याच्या इअरफोनमधून भुंगा अडकल्यासारखा आवाज येतो. कान कोरायच्या कापूसकाडीनेही मळ आत दाबला जातो आणि कापसाचे तंतू मागे राहतात. तंतूंचा तोटा आधीच नव्हता!

आम्ही हात धुतले, इअरफोन फोनपासून तोडले आणि टेबलावर काळा कागद पसरला. रबरी टोपणे कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन कापडावर उपडी ठेवली. टोपणे धुता येतात, खुद्द इअरफोन नळाखाली कधीही धरू नये. मग लहान मुलांचा मऊ दातांचा नवा, कोरडा टूथब्रश घेतला. सारी युक्ती पुढच्या गोष्टीत आहे : इअरफोन असा धरायचा की जाळीचे तोंड जमिनीकडे राहील, आणि ब्रश खालून चालवायचा. सुटलेला कण मग गुरुत्वाकर्षणाने आपोआप खाली पडतो. जाळी वर करून घासले तर तोच कण भोकातून आत उतरतो. ब्रश दाबायचा नाही, नुसते दातांचे शेंडे लागतील अशा बेताने लहान लहान फटकारे द्यायचे आणि मधूनमधून ब्रश कापडाला पुसायचा. वीसेक फटकाऱ्यांनंतर काळ्या कागदावर पिवळे कण आणि करडे धागे दिसू लागले. मुलाने ऐकून पाहिले. आवाज बराच सुधारला, पण उजव्याची बरोबरी नव्हती. विजेरीखाली जाळीच्या कडेला वाळलेला थर अजून चिकटलेला दिसत होता.

पुष्कळांचे काम येथेच होते आणि त्यांनी येथेच थांबावे. थर वाळून घट्ट झाला असेल तरच पुढची पायरी, आणि तीही घरातील मोठ्या माणसासमोर. औषधांच्या दुकानात 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते. ते ज्वालाग्राही आहे, म्हणून जवळ शेगडी, उदबत्ती, दिवा काही नको आणि खिडकी उघडी हवी. एक-दोन थेंब ब्रशच्या शेंड्यांवर घ्यायचे, जाळीवर कधीही ओतायचे नाहीत, कारण जाळी गोंदाने चिकटवलेली असते आणि जास्त द्रव आत झिरपला तर गोंद सुटतो, पडदाही भिजतो. ओला ब्रश आधी वर्तमानपत्रावर टेकवायचा. ओघळ पसरला तर ब्रश फार ओला आहे, नुसता दमट ठसा उमटला तर ठीक. मग पूर्वीप्रमाणेच तोंड खाली धरून दहा-पंधरा हलके फटकारे आणि लगेच कोरड्या सुती कापडावर जाळी टेकवून ओल टिपायची. हाताला लावायचे सॅनिटायझर येथे चालत नाही, त्यातील घट्ट करणारे पदार्थ जाळीवर चिकटून बसतात. नखांचा रंग काढायचे द्रव तर प्लास्टिकच विरघळवते. मी कणकेचा गोळा लावून मळ ओढणारे बहाद्दरही पाहिले आहेत. कणीक भोकात राहते आणि वाळते, आणखी काय सांगावे!

टिपून झाल्याबरोबर मुलाने घाईने इअरफोन कानात घातला आणि त्याचा चेहरा उतरला. "काका, आता तर पहिल्याहून कमी झाला जी! काहून?" आठवतो ना मलमलीचा प्रयोग? भोकांत द्रवाचे पटल बसले होते. मळाने नव्हे, ओलाव्याने जाळी तुंबली होती. त्याचे कारण त्याला त्यानेच फुंकून पाहिलेल्या ओल्या फडक्याने समजावले. इअरफोन जाळी खाली करून सावलीत दोन तास ठेवले. उन्हात नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर चढतो आणि बिनतारी इअरफोनच्या पोटात लिथियमची छोटी बॅटरी असते, तिला अशी भाजणी सोसत नाही. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवाही नको. ओले इअरफोन डबीत ठेवून विजेला लावणे तर सर्वांत वाईट.

दोन तासांनी पुन्हा तेच बातमीपत्र लावले. 'स' आणि 'श' दोन्ही बाजूंनी सारखे ऐकू येत होते. इअरफोन उलटे घालून पाहिले तरी फरक नव्हता. हे सर्व करूनही आवाज मंदच राहिला असता, तर मळ जाळीच्या मागे गेला आहे किंवा पडदाच थकला आहे असे समजून मी त्याला दुरुस्तीवाल्याकडे पाठवले असते. दोनदा सफाई करून न सुटलेले तिसऱ्यांदा जोर लावून सुटत नाही, मोडते मात्र.

आता या वस्तू बनवणाऱ्यांविषयी थोडे. कमी ऐकू येणाऱ्यांच्या श्रवणयंत्रालाही अगदी हाच त्रास होतो, कारण त्याचेही टोक कानाच्या नळीतच असते. पण त्या यंत्राच्या कारागिरांनी मळ येणार हे गृहीत धरले. अनेक श्रवणयंत्रांच्या तोंडाशी काडेपेटीच्या गुलाएवढेही नसलेले एक मळरोधक बसवलेले असते. त्यासोबत एक छोटी काडी येते. तिच्या एका टोकाने तुंबलेले रोधक ओढून काढायचे आणि दुसऱ्या टोकावरचे नवे दाबून बसवायचे. घरच्या घरी, मिनिटभरात. मग जो इअरफोन कोट्यवधी मुलांच्या कानांत रोज जातो, त्याची जाळी गोंदाने कायमची का चिकटवावी? बदलता येणारी जाळी ही न जमणारी गोष्ट नाही, श्रवणयंत्रांनी ती जमवून दाखवली आहे. ती बहुतेक इअरफोनमध्ये नाही, याचे कारण मला तरी एवढेच दिसते की आपण गिऱ्हाइके तिची मागणी करत नाही. पुढच्या वेळी दुकानात गेलात, तर रंग आणि बॅटरी किती तास चालते हे विचारण्याबरोबर 'याची जाळी निघते का?' हेही विचारा.

आमचा मित्र आता पुन्हा नवव्या पायरीवर ऐकतो. दर रविवारी तो कोरडा ब्रश फिरवतो आणि डबी खिशात न टाकता झाकणाच्या छोट्या डब्यात ठेवतो. धडे ऐकताना तो आठवडाआड कान बदलतो. भावाने स्वतःची वेगळी रबरी टोपणे आणली आहेत आणि आईची टाचणी तिच्या साडीला परत गेली आहे.